बाबांचं जुनं मृत्युपत्र आणि दादाचा हिस्सा

बाबांच्या जुन्या मृत्युपत्रात दोन परिच्छेद होते आणि दोन्ही वाचताना सारखेच वाटायचे. नागपुरातल्या त्रिमूर्ती नगरच्या घराबद्दल लिहिलं होतं: ‘माझ्या पश्चात सदर घर माझ्या मुलांना समान वाटणीने मिळावे.’ बेसा भागातल्या प्लॉटबद्दल लिहिलं होतं: ‘सदर भूखंड माझा मोठा मुलगा, माझी मुलगी व माझा धाकटा मुलगा’ (इथे आम्हा तिघांची पूर्ण नावं) ‘यांना समान हिश्श्याने मिळावा.’ आम्ही भावंडं तीनच. त्यामुळे हे मृत्युपत्र झालं तेव्हा दोन्हींचा अर्थ एकच होता, तिघांना तिसरा तिसरा भाग. दादा गेला आणि त्या दोन वाक्यांचे अर्थ वेगळे झाले.

दादा गेला तेव्हा बाबा अठ्ठ्याहत्तरचे होते. वहिनी आणि दोन मुलं, मृण्मयी आणि ओजस, वरच्या मजल्यावर राहतात, खाली आईबाबा. मी मनीष नगरला, ताई अमरावतीला. पहिलं वर्ष कोणी कागदांचं नावही काढलं नाही. मग एके दिवशी बाबांनीच विषय काढला. त्यांच्या डोक्यात हिशेब सरळ होता: दादाचा हिस्सा आपोआप मुलांकडे जाईल, रक्ताचा वारसा आहे, त्याला कोण अडवणार? तरी एकदा वकिलाला दाखवून घेऊ, असं मी म्हटलं. ओळखीतल्या एक वकील मॅडम सिव्हिल लाइन्सला बसतात, दिवाणी आणि वारसाहक्काचंच काम करतात. मे महिन्याची दुपार होती, कूलरचा आवाज एवढा की बाबांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागत होती.

मॅडमनी मृत्युपत्र वाचलं आणि बाबांना विचारलं, “काकाजी, घर आणि प्लॉट दोन्ही तुमच्या कमाईचे ना? वडिलोपार्जित नाही ना काही?” दोन्ही बाबांच्या पगारातून घेतलेले, अखीव पत्रिका आणि खरेदीखत त्यांच्याच नावाचं. म्हणजे मृत्युपत्राने देण्याचा पूर्ण अधिकार त्यांचा. मग त्यांनी पेन्सिलने घराच्या परिच्छेदातल्या ‘माझ्या मुलांना’ या शब्दांभोवती गोल केला आणि म्हणाल्या, “आजच्या तारखेला हे घर दोघांचं. मोठ्याच्या घरच्यांना यातून काही नाही.”

बाबांना वाटलं कूलरमुळे ऐकू आलं नाही.

त्यांनी समजावलं ते असं. हिंदूंच्या मृत्युपत्राचा अर्थ लावताना १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याची बरीच कलमं लागू होतात. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ती यादी आहे. त्यातलं कलम १११ म्हणतं की देणगी नुसत्या एखाद्या वर्गाला दिली असेल, म्हणजे नावं न घेता ‘अमक्याची मुलं’, ‘माझे पुतणे’ असं वर्णन करून, तर मृत्युपत्र करणारा वारेल त्या दिवशी त्या वर्गातले जे हयात असतील त्यांनाच ती मिळते. आधी गेलेला त्या वर्गात मोजलाच जात नाही. कायद्यातच उदाहरण आहे: एकाने ‘ब ची मुले’ यांना हजार रुपये ठेवले, तीन मुलांपैकी एक मृत्युपत्रानंतर पण देणाऱ्याच्या आधी वारला, तर पैसे उरलेल्या दोघांचे, गेलेल्याच्या वारसांना त्यात काही नाही. ‘माझ्या मुलांना’ हे तसंच वर्णन. बाबांचं आज काही बरंवाईट झालं, तर त्यांची हयात मुलं दोन, ताई आणि मी. वहिनी आणि पोरं ज्या घरात राहतात त्यात मालकीचा एक इंचही त्यांचा नाही. पोटगी किंवा राहण्याचा दावा ही वेगळी भानगड. मालकी नाही म्हणजे नाही.

“मग प्लॉट?” मी विचारलं.

प्लॉटचं उलटं. तिथे नावं आहेत, म्हणजे देणगी वर्गाला नाही, तीन माणसांना आहे. एरवी नावाने दिलेल्या देणगीतला माणूस आधी वारला की त्याची देणगी पडते, म्हणजे निष्फळ ठरते. कलम १०५ चा तो साधा नियम. पण स्वतःच्या मुलाला किंवा नातवाला दिलेल्या देणगीसाठी कलम १०९ ने एक सवलत ठेवली आहे. आधी वारलेल्या मुलामागे त्याचं एखादं अपत्य किंवा नातवंड देणाऱ्याच्या मृत्यूच्या वेळी हयात असेल, तर देणगी पडत नाही. तो मुलगा देणाऱ्याच्या पाठोपाठ लगेच वारला असं धरून ती अमलात येते. मृण्मयी आणि ओजस आहेत, म्हणून प्लॉटमधला दादाचा तिसरा भाग वाचतो.

इथे बाबांचा चेहरा जरा सुटला. माझाही. पण मॅडम थांबल्या नाहीत, आणि माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात कामाची गोष्ट त्यांनी यानंतर सांगितली. तो भाग वाचतो खरा, पण तो नातवंडांकडे जात नाही; तो दादाकडे जातो. कायदा दादाला बाबांनंतर क्षणभर जिवंत धरतो, देणगी त्याच्या हातात देतो आणि मग त्याला मारतो. म्हणजे तो हिस्सा दादाची मालमत्ता ठरतो आणि दादाच्या मालमत्तेचं जे व्हायचं ते त्याचं होतं. दादाने स्वतः मृत्युपत्र करून सगळं कुणाला दिलं असतं, तर ते त्या माणसाला गेलं असतं; कलम १०९ खालचं उदाहरण नेमकं हेच आहे, तिथे पैसे मुलाच्या मुलाला न जाता मुलाच्या विधवेला जातात, कारण मुलाने मृत्युपत्रात तिला दिलेले असतात. दादाने काही करून ठेवलं नव्हतं. मग १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो, आणि विवाहित पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलं आणि आई. होय, आई. आमची आई.

मॅडमनी आकडे मांडले ते मी तसेच देतो, कारण आकड्यांशिवाय बाबांना पटलं नव्हतं. घर नव्वद लाखांचं धरा, प्लॉट तीस लाखांचा. जुन्या मृत्युपत्राप्रमाणे घर ताईला पंचेचाळीस, मला पंचेचाळीस. प्लॉट ताईला दहा, मला दहा आणि दादाच्या नावे दहा. त्या दहाचे चार भाग: वहिनी अडीच, मृण्मयी अडीच, ओजस अडीच, आई अडीच. म्हणजे एक कोटी वीस लाखांपैकी दादाच्या घरच्यांना साडेसात लाख. बाबांच्या मनात होते चाळीस.

आणि त्या साडेसातलाही एक कात्री आहे. दादाने दुकानासाठी कर्ज काढलेलं होतं, त्यातलं काही अजून बाकी आहे. तो दहा लाखांचा भाग दादाची मालमत्ता धरला की त्याचे देणेकरीही त्यावर बोट ठेवू शकतात. बाबांनी थेट नातवंडांच्या नावाने दिलं असतं तर ते पैसे दादाच्या कर्जाच्या वाटेतच आले नसते.

मी मॅडमना वकिली प्रश्न विचारला. दादा बाबांचा मुलगाच, ‘माझ्या मुलांना’ मध्ये तोही होता. मग कलम १०९ घराला का लावत नाही? त्या म्हणाल्या, “लावा म्हणून वाद घालता येईल, मी वहिनीकडून असते तर घातलाच असता. पण १११ आणि त्याखालचं उदाहरण समोर असताना मी त्या वादावर कुणाचं घर ठेवणार नाही. आणि वाद घालायचा म्हणजे कोणाविरुद्ध? तुमच्याच.” इंग्लंडमध्ये १९८२ मध्ये कायदा बदलून आपल्या मुलांच्या वर्गाला दिलेल्या देणगीतही आधी गेलेल्याची मुलं त्याच्या जागी यावीत अशी तरतूद केली. आपल्याकडे १९२५ चाच मजकूर आहे. ताई तेव्हा फोनवर होती, ती म्हणाली, “बाबा, हे मी घेणार नाही, माझा भाग वहिनीला देऊन टाकीन.” मॅडमनी तिलाही सांगितलं की देता येतं, पण मग ते बक्षीसपत्र, त्याची नोंदणी, मुद्रांक, आणि दोघांपैकी एकाचं मन ऐन वेळी फिरलं तर? माझं नाव न घेता माझ्याकडे बघून म्हणाल्या. मला राग आला नाही. पंचेचाळीस लाख कमी रक्कम नसते.

घराच्या परिच्छेदात आणखी एक वाक्य होतं, जे आम्ही तोवर लक्षात घेतलं नव्हतं: ‘माझ्या पत्नीने तहहयात सदर घरात राहावे व तिच्या पश्चात घर माझ्या मुलांना...’ मला वाटलं, यातून काही सुटका असेल. घर आईनंतर वाटायचं तर बाबांच्या मृत्यूच्या दिवसाला महत्त्व काय? कलम १११ ला खरोखरच असा अपवाद आहे. नातेवाइकांच्या वर्गाला दिलेल्या वस्तूचा ताबा आधीच्या कुणाच्या हक्कामुळे पुढे गेला असेल, तर तो दिवस येईल तेव्हा जे हयात असतील त्यांना ती मिळते, आणि देणारा वारल्यानंतर मधल्या काळात जे गेले त्यांच्या वारसांनाही मिळते. मधल्या काळात, म्हणजे बाबा गेल्यानंतर. समजा बाबा गेले, मग मी गेलो, आणि आई नंतर गेली. तर माझा भाग माझ्या वारसांना जाईल. दादा बाबांच्या आधी गेला, म्हणून त्याच्या मुलांना तो अपवादही उपयोगाचा नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एक बाबांच्या आधीच्या दिवशी वारला, एक नंतरच्या. एकाच्या मुलांना सगळं, दुसऱ्याच्या मुलांना काही नाही. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, “हे कोणी लिहून ठेवलं?” त्यांनीच, पण ते कायद्याबद्दल विचारत होते.

मग कागद नवा करायचा ठरला. पुरवणी जोडूनही काम झालं असतं, पण दोन कागद एकमेकांना टेकून वाचावे लागतात आणि जुन्याची भाषा तशीच राहते. मॅडम संपूर्ण नव्या मृत्युपत्राच्या बाजूच्या. त्यांनी बाबांना घरी जाऊन एक कागद करायला सांगितला. प्रत्येक वस्तू, ती कुणाला, आणि प्रत्येक नावापुढे एक प्रश्न: हा माझ्या आधी गेला तर? आणि त्या उत्तरातल्या माणसापुढेही तोच प्रश्न. बाबांनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर तो तक्ता आखला. आईला ते अजिबात आवडलं नाही. “सगळ्यांना मारूनच राहिले आहेत,” असं ती स्वयंपाकघरातून म्हणत होती.

घराचा तिसरा भाग मला, तिसरा ताईला, तिसरा दादाच्या घराला, हे लगेच ठरलं. दादाच्या घरात कुणाच्या नावावर, यावर जास्त वेळ गेला. बाबांचा ओढा नातवंडांकडे. पण ओजस तेव्हा अकराचा. अज्ञान मुलाच्या नावावर स्थावर मालमत्ता असली की नैसर्गिक पालकाला, म्हणजे वहिनीला, जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती विकता किंवा गहाण टाकता येत नाही; १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८. उद्या घर पाडून फ्लॅट करायचे म्हटलं तरी प्रत्येक वेळी कोर्टात अर्ज. काही घरांत ही अडचण म्हणजे संरक्षणच असतं. आमच्याकडे बाबांनी घराचा भाग वहिनीच्या नावाने, पूर्ण मालकीने ठेवला, आणि प्लॉटचा भाग दोन्ही पोरांना अर्धा अर्धा. प्लॉट तसाही दहा वर्षं कोणी विकणार नाही. एका नातेवाइकांनी विचारलंच, सून तरुण आहे, पुढे लग्न केलं तर? बाबा म्हणाले, “करू दे ना. घर तिला तिच्या वागणुकीसाठी नाही देऊन राहिलो.”

वहिनीचं नाव घातलं आणि लगेच दुसरी जागा उघडी पडली. कलम १०९ ची सवलत मुलांना आणि त्यांच्या वंशजांना आहे, सुनेला नाही. वहिनी बाबांच्या आधी गेली तर तिला दिलेला भाग पडतो, पोरं हयात असली तरी. म्हणून तिच्या नावापुढे स्पष्ट: ती माझ्या आधी निधन पावल्यास सदर हिस्सा तिच्या दोन मुलांना समान. माझ्या नावापुढे माझी मुलगी. इथेही कायद्याच्या सवलतीवर न सोडता नाव घालून लिहिलं, कारण त्या सवलतीने गेलं तर बायको, मुलगी आणि पुन्हा आई, असे तीन भाग. ताईचा भाग तसा सवलतीवर सोडला असता तर तो भावजींमध्येही वाटला गेला असता, कारण विवाहित बाईच्या मिळकतीत मुलांबरोबर नवराही वारस. ताई म्हणाली, वाटू दे की. बाबा गप्प बसले, आणि तिची मुलं असतील तर मुलांना, नसतील तर भावजींना अर्धा आणि उरलेला आमच्या दोन घरांना, असं त्या दोघांनी फोनवरच ठरवलं. मी त्यात पडलो नाही.

‘ताईची मुलं’ हे लिहिताना मात्र वर्ग वापरला, नावं नाही, आणि तो मुद्दाम. ताई आणि भावजी दत्तक घेण्याच्या रांगेत आहेत. मूल यायचं आहे, त्याला नाव कुठून असणार? तिसऱ्या परिशिष्टातच म्हटलंय की हिंदूंच्या मृत्युपत्रात मूल म्हटलं की दत्तक मूलही आलं आणि नातवंड म्हटलं की दत्तक नातवंडही. तरी मॅडमनी ‘औरस अथवा दत्तक’ हे शब्द घातलेच. आईच्या दागिन्यांसाठी ठेवलेली बाबांची मुदत ठेव आणि चांदीची भांडी ‘माझ्या मृत्यूच्या दिवशी हयात असलेल्या माझ्या सर्व नातवंडांना समान’ अशी ठेवली. तिथे वर्गच हवा: नवीन आलं की आपोआप आत, बाबांना दरवेळी कागद बदलायला नको. नावं घातली असती तर ताईचं मूल बाहेर राहिलं असतं. तेव्हा मी नावांच्या बाजूचा आणि वर्गाच्या विरुद्ध, असं नाही. वर्ग वाढणाऱ्या गोष्टीला चांगला; गेलेल्या माणसाला तो विसरतो.

दोन्ही एकत्र करू नका, हे मात्र मॅडमनी बजावलं. ‘माझी मुले, म्हणजे अमुक, तमुक व अमुक’ असं लिहिलं की पुढे कुणीतरी विचारणार की हा वर्ग की ही माणसं. नावं घातल्यावर कौल बहुधा माणसांच्या बाजूने जातो, पण ‘बहुधा’साठी कोर्टाची पायरी कोण चढणार.

शेवटचा अडकलेला भाग उर्वरित मालमत्तेचा. प्रत्येक मृत्युपत्रात एक वाक्य असतं, ‘याव्यतिरिक्त जे काही असेल ते’. पडलेल्या देणग्या तिथे गोळा होतात. जुन्या कागदात तेही आम्हा तिघांच्या नावाने समान होतं. त्यात खोच अशी: समजा मूलबाळ नसलेली ताई बाबांच्या आधी गेली. नावाने समान वाटा दिलेल्या प्लॉटमधला तिचा तिसरा भाग मला आणि दादाच्या घरच्यांना मिळत नाही. कलम १०७ प्रमाणे तो उर्वरितात जातो. आणि उर्वरितातला तिचा तिसरा भाग कुठे जाणार? तो कुठेच नाही; कलम १०८ म्हणतं तेवढा भाग मृत्युपत्र नसल्यासारखा धरा. म्हणजे मृत्युपत्र असूनही एका तुकड्यासाठी वारसा कायदा उघडावा लागतो. नव्या कागदात उर्वरित सगळं आईला, आई नसेल तर तीन घरांना, आणि ‘यांपैकी कोणताही हिस्सा निष्फळ ठरल्यास तो उरलेल्यांना त्यांच्या प्रमाणात’ हे एक वाक्य. एवढ्या एका वाक्याने १०८ ची वेळच येत नाही.

बाकीचं काम सरळ होतं. बाबांच्या डॉक्टरांचं त्याच दिवसाचं प्रमाणपत्र, की ते शुद्धीवर आणि समजून-उमजून सही करत आहेत. दोन साक्षीदार, दोघंही ज्यांना मृत्युपत्रात काहीच मिळत नाही आणि बाबांपेक्षा बरेच लहान: माझा एक मित्र आणि शेजारच्या काकूंचा मुलगा. नोंदणी सक्तीची नसते आणि मुद्रांक शुल्कही लागत नाही, पण दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं. फोटो, अंगठा, सही. बाबांच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना, वय झालं की रेषा पुसतात म्हणे. ओला रुमाल, पुन्हा, मग घेतला. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल बाबा हयात असेपर्यंत त्यांना किंवा त्यांनी अधिकार दिलेल्यालाच मिळते, हे वहिनीला सांगितल्यावर ती म्हणाली, बरंच आहे. मृत्युपत्र अमलात आणणारा एक्झिक्युटर म्हणून मॅडमच्या सुचवण्याप्रमाणे मला नाही, ताईच्या दिरांना ठेवलं. त्यांना काहीच मिळत नाही आणि ते कागदपत्रांचे भोक्ते आहेत.

उरलं जुनं मृत्युपत्र. नव्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असं आहे, मग जुनं कपाटात राहिलं तर काय बिघडलं, असं मला वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, उद्या कोणी नव्याला आव्हान दिलं आणि ते कोर्टात पडलं, तर त्यातलं रद्द करणारं वाक्यही त्याबरोबर पडतं. मग जुनं जिवंत, आणि जुन्यात वहिनीला घरातून शून्य. जुनं बाबांनी आजच स्वतःच्या हाताने, रद्द करायचं म्हणून फाडून टाकलं, तर नवं पडलं तरी मृत्युपत्रच नाही अशी स्थिती येईल, आणि तेव्हा वारसा कायद्याने आई, ताई, मी आणि दादाचं घर, असे चार सारखे भाग. आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलं तिथे पहिल्या वर्गातच येतात आणि तिघं मिळून त्याचा एक भाग घेतात. जुन्या कागदापेक्षा काहीच कागद नसणं वहिनीच्या फायद्याचं होतं.

बाबांनी ते मॅडमच्या टेबलावरच फाडलं. जाड कागद, लॅमिनेशन केलेलं पहिलं पान काही फाटेना. तिथे शिपायाकडून कात्री मागवली. कोणी, कधी आणि का फाडलं याची तीन ओळींची नोंद बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली आणि ती नव्या मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवली.